जहाजाची जबानी

'ओळख' हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळविला, तेव्हा माणसामाणसांतील ओळखींवर लिहिणारे पुष्कळ निघतील, आपण त्या वाटेला जाऊ नये, असे मनाशी ठरविले. आणि मुंबई बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या, ज्यांची नावे किनाऱ्यावरून कोणालाही वाचता येत नाहीत अशा जहाजांना रात्री, पावसात आणि धुक्यात परस्परांची ओळख पटते तरी कशी, याची चौकशी करावयाची म्हणून एका परिचित निवृत्त कप्तानांच्या मागे लागलो. कप्तानसाहेब मूळचे रत्नागिरीकडचे, आयुष्याची पस्तीसएक वर्षे समुद्रावर काढलेले आणि त्यामुळेच बोलण्याची घाई नसलेले गृहस्थ. त्यांनी एका शिपिंग एजंटाकरवी रीतसर परवानगी मिळविली आणि कोळसा घेऊन आलेल्या एका मोठ्या जहाजावर, भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या लाँचमधून, आम्ही दोघे जाऊन पोहोचलो.

जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जेथून ते चालविले जाते त्या उंच काचमहालात, नकाशाचे आणि रडारचे विस्तीर्ण पडदे मांडलेले होते. पण कप्तानसाहेबांनी मला नेले ते एका कोपऱ्यात, भिंतीला लागून बसविलेल्या, एखाद्या जाडजूड ग्रंथाएवढ्या यंत्राकडे. त्याच्या छोट्या पडद्यावर ओळींमागून ओळी होत्या: जहाजाचे नाव, अंतर, दिशा. हीच ती स्वयंचलित ओळखयंत्रणा, जिला समुद्रावरचे सारे लोक 'एआयएस' एवढ्याच नावाने ओळखतात. ३०० ग्रॉस टन व त्यावरील जे जहाज आंतरराष्ट्रीय फेरी करते त्यावर, देशांतर्गत फिरणाऱ्या ५०० टनांवरील मालवाहू जहाजावर आणि प्रवासी जहाज असेल तर त्याचा आकार न पाहता, हे यंत्र असलेच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय करार आहे. २००२ च्या जुलैपासून टप्प्याटप्प्याने त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांपुरती ती २००४ च्या अखेरीस पुरी झाली.

ब्रिजवर पहाऱ्यास असलेला सेकंड ऑफिसर देवगडचा निघाला. जहाजावर मार्गनिर्देशनाची उपकरणे सांभाळणे हे बहुधा सेकंड ऑफिसरचेच काम असल्यामुळे या यंत्राशी त्याचा रोजचा संबंध होता. "काका, रडार म्हणजे आपण दुसऱ्याकडे बघणं," तो म्हणाला, "आणि हे म्हणजे दुसरा स्वतःबद्दल काय सांगतो ते ऐकणं. दोन्ही निराळं." पुढे जे काही मी पाहिले, ऐकले आणि वाचले, त्याचा सारा अर्थ मला या एका वाक्याच्या आधारानेच लागत गेला. एआयएस हे निरीक्षण नव्हे. ती जहाजाने स्वतः दिलेली जबानी आहे, आणि जबानीला जे गुण व जे दोष असतात ते सर्व तिच्या ठायी आहेत.

पडद्यावर काय उमटते

त्या वेळी नैर्ऋत्येकडून एक कंटेनर जहाज न्हावा-शेव्याच्या दिशेने आत येत होते. सेकंड ऑफिसरने त्याच्या ओळीवर बोट ठेवून तपशील उघडला. नाव, रेडिओवरून पुकारण्याचे संकेतचिन्ह, नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक आणि जहाजाच्या जन्मापासून मोडीपर्यंत न बदलणारा सात आकडी आयएमओ क्रमांक ही झाली त्याची कायमची ओळख. मालक बदलतो, नाव पुसून दुसरे रंगविले जाते, झेंडा एका देशाचा जाऊन दुसऱ्याचा येतो आणि त्याबरोबर एमएमएसआय क्रमांकही बदलतो, कारण त्याचे पहिले तीन आकडे नोंदणीच्या देशाचे असतात, भारताचे ४१९; आयएमओ क्रमांक मात्र तोच राहतो, म्हणून चौकशी करणाऱ्याने नावापेक्षा त्याच्यावर भिस्त ठेवावी, असे कप्तानसाहेबांनी मध्येच सांगून टाकले.

त्याखाली चालू क्षणाचे वर्तमान होते: अक्षांश-रेखांश, ११.४ नॉट वेग, गतीची दिशा ६७ अंश आणि नाळेची दिशा ६२ अंश. या शेवटच्या दोन आकड्यांतील पाच अंशांचा फरक मला चूक वाटला, आणि ती चूक नाही हे समजावून देण्यात त्या तरुणाने बराच वेळ खर्च केला. नाळ कोणीकडे रोखलेली आहे हे जायरो होकायंत्र सांगते. जहाज जमिनीच्या संदर्भात प्रत्यक्ष कोणीकडे सरकते आहे हे जीपीएस सांगते. आणि पाणी स्वतःच वाहत असेल, वारा एका अंगाने रेटत असेल, तर या दोन दिशा एक राहात नाहीत. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मिळाले की समोरच्या जहाजाला प्रवाह किती ओढतो आहे याचा अंदाज, ते जहाज नुसत्या डोळ्यांनी पाहून कधीच येणार नाही इतका नेमका येतो. शिवाय सुकाणू वळविल्याबरोबर वळणाचा वेगही पडद्यावर येतो. रडारला समोरच्याने दिशा बदलली हे कळण्यासाठी काही फेरे थांबून ठिपक्यांचा माग काढावा लागतो. येथे वळणारा स्वतःच सांगतो की मी वळतो आहे. या आकड्यांवरून आपले यंत्र गणित मांडते आणि हे जहाज आपल्यापासून किती अंतरावरून, किती मिनिटांनी जाईल ते दाखविते. आमच्या बाबतीत ते अंतर पाऊण मैलाहून थोडे अधिक होते, आणि आम्ही नांगरावर असल्यामुळे काळजीचे कारण नव्हते.

रडारपुढे एखादा डोंगर किंवा बेट आले की त्यापलीकडचे सारे झाकले जाते. एआयएसच्या रेडिओलहरी त्याहून लांबीने पुष्कळ मोठ्या असल्यामुळे अडथळ्याच्या कडेने वळून पलीकडचे जहाजही बहुधा ऐकू आणतात. दोन जहाजांमध्ये हा संवाद साधारणपणे १५ ते २० सागरी मैलांपर्यंत होतो, आणि अँटेना जितकी उंच तितकी ही हद्द वाढते.

वेळेच्या घरांची वाटणी

माझ्या मनात प्रथमपासून एक शंका होती. एवढी जहाजे, सगळी एकाच वेळी स्वतःबद्दल बोलणारी, आणि बोलण्यासाठी साऱ्या जगात मिळून १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्‌झ अशा दोनच रेडिओवाहिन्या. तर मग गोंधळ का होत नाही? भाषणांचा क्रम लावणारा अध्यक्ष कोठे आहे?

असा अध्यक्ष नाही, आणि या यंत्रणेतील खरी बुद्धिमत्ता नेमकी तेथेच आहे. प्रत्येक वाहिनीवर एका मिनिटाचे २,२५० समान भाग पाडलेले आहेत. एका भागाला सुमारे २६.७ सहस्रांश सेकंद मिळतात आणि त्यात २५६ बिट मावतात. हे भाग साऱ्या जहाजांवर एकाच क्षणी सुरू व्हावेत म्हणून प्रत्येक यंत्राच्या पोटात एक स्वतंत्र जीपीएस असते, आणि त्याचे मुख्य काम जागा सांगण्याचे नसून घड्याळ मिळविण्याचे असते. नव्याने चालू झालेले यंत्र प्रथम एक मिनिटभर गप्प बसून कोणकोणते भाग कोणी घेतले आहेत ते ऐकते, मग मोकळ्या भागांतून आपला एक निवडते, आणि बोलताना आपल्या मजकुराच्या शेपटाला पुढच्या वेळी आपण कोणता भाग घेणार हेही जोडून देते. गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी ही आगाऊ जागा धरण्याची तऱ्हा आहे. फरक इतकाच की समुद्रावर तो रुमाल सगळे मानतात. तीच जागा काही मिनिटे चालवून यंत्र ती सोडते आणि दुसरी धरते. या पद्धतीच्या शोधाशी होकन लान्स या स्वीडिश संशोधकाचे नाव निगडित आहे.

जागा संपल्या तर? सिंगापूरच्या सामुद्रधुनीसारख्या ठिकाणी तो प्रसंग येऊ शकतो, आणि त्याची तजवीजही केलेली आहे. सर्व भाग भरलेले आढळले तर यंत्र सर्वांत दूरच्या जहाजाने घेतलेला भाग जाणूनबुजून वापरते. परिणाम असा होतो की गर्दी वाढली म्हणजे दूरची जहाजे ऐकू येईनाशी होतात आणि जवळची मात्र स्पष्ट राहतात. टकरीचा धोका जवळच्याकडून असतो, दूरच्याकडून नसतो, हे लक्षात घेतले म्हणजे या यंत्रणेने काय गमवावयाचे आणि काय राखावयाचे याची निवड किती विचारपूर्वक केली आहे ते कळते.

कोणी किती वेळा बोलावे हेही ठरलेले आहे. नांगरावर उभे जहाज दर तीन मिनिटांनी बोलते. १४ नॉटपर्यंत चालणारे दर दहा सेकंदांनी. २३ नॉटपर्यंत सहा सेकंदांनी. त्याहून वेगवान असेल तर दोन सेकंदांनी, आणि २३ नॉटपर्यंतचे जहाज वळत असताना आपल्या नेहमीच्या वेळेहून दाट. १४ नॉटने जाणारे जहाज दहा सेकंदांत सुमारे ७२ मीटर पुढे जाते, तेव्हा पडद्यावरची खूण आणि खरे जहाज यांत तेवढे अंतर पडू शकते, हे चालविणाऱ्याने मनात ठेवावयाचे असते. नाव, लांबी-रुंदी, खोली, गंतव्य हा सावकाश बदलणारा किंवा न बदलणारा मजकूर दर सहा मिनिटांनीच जातो. म्हणून नवे जहाज पडद्यावर आले की बऱ्याचदा पहिली काही मिनिटे ते बिननावाचेच, केवळ नऊ आकड्यांचे, दिसते.

एक ओळ उकलून पाहू

कुलाब्यात राहणाऱ्या एका अभियंत्याने आपल्या गच्चीवर हौसेने एक छोटा रेडिओग्राहक बसविला आहे. एआयएसचे बोलणे सांकेतिक कुलपात ठेवलेले नसते. ज्याच्यापाशी साधन आहे त्याने ते ऐकावे, ही यंत्रणेची मूळ कल्पनाच आहे. त्याच्या संगणकावर सतत ओळी धावत होत्या, त्यांपैकी कोणतीही धावत्या नजरेने वाचण्यासारखी नव्हती. तेव्हा त्याने जगभरचे हौशी लोक उकलीच्या सरावासाठी वापरतात अशी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी टिपलेली, एक ओळ मला कागदावर उतरवून दिली:

```
!AIVDM,1,1,,B,177KQJ5000G?tO`K>RA1wUbN0TKH,0*5C
```

प्रथमदर्शनी ही अक्षरांची खिचडी वाटते. आरंभीचा भाग सांगतो की हा दुसऱ्या जहाजाकडून आलेला मजकूर आहे, तो एकाच तुकड्यात पूर्ण आहे आणि `B` वाहिनीवर ऐकला. शेवटचे `5C` ग्राहकापासून संगणकापर्यंतच्या प्रवासात ओळ बिघडलेली नाही याचा ताळा आहे. खरा मजकूर मधल्या २८ अक्षरांत आहे. प्रत्येक अक्षर सहा बिटांचे, म्हणून सगळे मिळून १६८ बिट, आणि जहाजाचे सारे तात्कालिक वर्तमान एवढ्यातच बसवावयाचे असते. पहिले अक्षर `1`, म्हणजे हा स्थाननिवेदनाचा संदेश. पुढचे दोन बिट सोडून येणारे ३० बिट एकत्र वाचले की ४७७५५३००० हा क्रमांक निघतो. ४७७ हे हाँगकाँगच्या नोंदणीचे आकडे. त्यानंतरचे चार बिट ५ हा आकडा देतात, आणि ठरलेल्या यादीत ५ म्हणजे धक्क्याला बांधलेले. वेग शून्य. अक्षांश ४७.५८ उत्तर, रेखांश १२२.३५ पश्चिम, नकाशावर बोट ठेवले तर ते सिॲटल बंदरात पडते. गतीची दिशा ५१ अंश, नाळेची दिशा १८१ अंश.

येथे तो अभियंता थांबला आणि म्हणाला, "आता सांगा, यात गफलत कुठे आहे?" नाळ दक्षिणेकडे आणि गती ईशान्येकडे, हे चालत्या जहाजाबाबत जवळजवळ अशक्य, पण जहाज तर बांधलेले आहे आणि वेग शून्य आहे. उभ्या वस्तूला गतीची दिशा असूच शकत नाही. जीपीएसचे मोजमाप क्षणोक्षणी काही मीटरांनी इकडेतिकडे हलते, आणि ते हलणे हीच गती समजून यंत्राने एक दिशा छापून टाकली. १८१ हा आकडा होकायंत्रातून आलेला, म्हणून खरा. ५१ हा आकडा अचूक रीतीने पाठविलेला, परंतु निरर्थक. वेग जवळजवळ शून्य असेल तेव्हा गतीची दिशा वाचू नये, हा धडा मला कोणत्याही नियमपुस्तकापेक्षा या एका ओळीने अधिक चांगला शिकविला.

माहिती उपलब्धच नसेल तर काय पाठवावयाचे, हेही ठरलेले आहे. होकायंत्र जोडलेले नसेल तर नाळेच्या दिशेच्या जागी ५११ येतो. स्थान मिळत नसेल तर रेखांश १८१ आणि अक्षांश ९१, जे पृथ्वीवर कोठेच नाहीत. ही काल्पनिक मूल्ये न ओळखणारा एखादा कच्चा संगणककार्यक्रम जहाजाला उत्तर ध्रुवापलीकडे नेऊन ठेवतो, असे त्याने हसत सांगितले.

हाताने लिहिलेला मजकूर

होकायंत्र आणि जीपीएस यांच्याकडून येणारा भाग आपोआप भरला जातो. क्रमांक आणि मापे यंत्र बसविताना एकदाच घातली जातात. पण जहाज सध्या काय करीत आहे, कोठे चालले आहे, केव्हा पोहोचेल आणि पाण्यात किती खोल बुडालेले आहे, हे माणसाने बोटांनी लिहावयाचे असते. बहुतेक चुका याच भागात सापडतात.

नांगर उचलून निघालेला अधिकारी स्थिती बदलावयास विसरतो आणि दहा नॉटने धावणारे जहाज स्वतःला 'नांगरावर' म्हणवीत राहते. उलटही होते: नांगर टाकल्यावर 'इंजिनावर चालू' हीच स्थिती राहून जाते. दुसरी चूक निरुपद्रवी वाटते. पण अशा जहाजाचे यंत्र तीन मिनिटांऐवजी दर दहा सेकंदांनी बोलत राहते, म्हणजे अठरापट जागा विनाकारण अडविते. कप्तानसाहेबांची याबाबतची शिस्त कडक होती. पहारा बदलताना पुढच्याने यंत्रावरची स्थिती वाचून दाखविल्याखेरीज मागच्याला सुटी नाही.

मापांची चूक त्याहून छुपी. यंत्र जे स्थान पाठविते ते जहाजाचे नसून जीपीएसच्या अँटेनाचे असते, आणि अँटेना नाळेपासून किती मीटर, वरामापासून किती, डाव्या आणि उजव्या बाजूपासून किती, हे चार आकडे वेगळे सांगितलेले असतात. त्यांवरून समोरच्याचा पडदा जहाजाचा आकार रेखाटतो. समजा, ३०० मीटर लांबीच्या जहाजाची अँटेना नाळेपासून २४० आणि वरामापासून ६० मीटरांवर आहे, आणि बसविणाऱ्याने हे दोन आकडे उलटे घातले. मग समोरच्याला त्या जहाजाची नाळ प्रत्यक्षापेक्षा १८० मीटर मागे दिसणार. उघड्या समुद्रावर याने काही बिघडत नाही. अरुंद मार्गातून दोन जहाजे परस्परांना ओलांडीत असताना बिघडते. ही चूक ओळखण्याची रीत सोपी आहे: रडारवरचा ठिपका आणि एआयएसची आकृती एकमेकांवर ठेवून पाहावीत, आणि आकृती सतत एकाच बाजूला सरकलेली आढळली तर मापांचा संशय घ्यावा.

गंतव्याच्या रकान्यात वीस अक्षरे मावतात. बंदरांचे ठरलेले संकेत वापरून `AE JEA>IN NSA` असे लिहावे, म्हणजे दुबईजवळच्या जेबेल अलीहून न्हावा-शेव्याकडे, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. पोहोचण्याची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहावी, आपल्या घड्याळात नव्हे, हेही तितकेच महत्त्वाचे, नाहीतर साडेपाच तासांची फसगत ठरलेली. प्रत्यक्षात कोणी बंदराचे अर्धेच नाव लिहितो, कोणी गेल्या फेरीचे तसेच ठेवतो. आणि कधीकधी या वीस अक्षरांवर माणसाचे सारे भय येऊन ठेपते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हुथींनी जहाजांवर हल्ले चढविले, तेव्हा कित्येक जहाजांनी बंदराच्या जागी इस्रायलशी आपला संबंध नाही, किंवा जहाजावरचे सगळे खलाशी चिनी आहेत, अशा आशयाचे इंग्रजी शब्द कोंबले. मालाचा रस्ता सांगण्यासाठी केलेला रकाना प्राणरक्षणाचे निवेदन झाला. कोकणातील किती घरांतील मुले त्या वाटेने जातात हे ठाऊक असलेल्या सेकंड ऑफिसरला या विषयावर अधिक बोलावयाचे नव्हते, आणि मीही विचारले नाही.

किनाऱ्याचे कान

जहाजे परस्परांसाठी बोलतात, पण किनाराही ऐकत असतो. किनाऱ्यावरच्या केंद्राची अँटेना दीपस्तंभावर किंवा टेकडीवर असल्याने ते ४० मैलांपर्यंतचे, हवा अनुकूल असेल तर त्याहूनही दूरचे ऐकते. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्याच्या बंदोबस्ताचा फेरविचार झाला, त्यात दीपस्तंभ आणि दीपनौका महासंचालनालयाने देशभरातील ७४ दीपस्तंभांवर अशी यंत्रे बसवून त्यांची एक साखळी बांधली. जहाज मैलोन्‌मैल चालत जाते तसे ते एका दीपस्तंभाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत सोपविले जाते आणि त्याची वाट सलग उमटत राहते.

बंदराच्या वाहतूक नियंत्रकाला या माहितीचा मोठा उपयोग म्हणजे नावाने हाक मारता येणे. पूर्वी रेडिओवर 'अमुक अक्षांशावर उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजा' असे पुकारावे लागे आणि तीनच जहाजे असली तरी चौथेच उत्तर देई. आता नाव घेतले की तेच जहाज बोलते. किनारा केवळ ऐकतच नाही. तो स्वतःचे स्थान सांगतो, सावधगिरीचे छोटे संदेश पाठवितो, एखाद्या ठिकाणी यंत्रांनी किती वेळाने बोलावे हे ठरवून देऊ शकतो, आणि जेथे बोया नाही तेथेही 'येथे खूण आहे' असे सांगून जहाजांच्या पडद्यावर खूण उमटवू शकतो. बुडालेल्या जहाजाजवळ प्रत्यक्ष बोया नेऊन ठेवण्यास खवळलेला समुद्र परवानगी देत नाही, तेव्हा अशी अदृश्य बोया काही मिनिटांत उभी राहते. मात्र ज्याच्यापाशी पडदा नाही त्या होडीच्या दृष्टीने ती नाहीच.

आकाशातील उपग्रहही हे बोलणे टिपतात, पण त्यांची अडचण निराळी. समुद्रावरची वाटणी शेजारच्या शेजाऱ्यांनी आपसात केलेली असते; उपग्रहाला एकदम हजारो मैलांचा मुलूख ऐकू येतो, आणि परस्परांना कधीही न ऐकलेल्या जहाजांचे आवाज त्याच्या कानी एकाच क्षणी आदळतात. गर्दीच्या समुद्रावर म्हणूनच त्याच्या नोंदी तुटक असतात.

मुके जहाज आणि खोटे जहाज

३१ जुलै २०११ रोजी सकाळी जुहूच्या वाळूवर 'पवित' नावाचे एक लहान टँकर जहाज येऊन रुतलेले लोकांनी पाहिले. ओमानजवळच्या समुद्रात बिघाड झाल्यावर खलाशांनी ते जून संपताना सोडून दिले होते. त्यांची सुटका झाली, जहाज बुडेल असे धरले गेले, आणि ते मात्र बुडाले नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी आणि प्रवाहाने त्याला महिनाभर ढकलीत सारा अरबी समुद्र ओलांडून मुंबईच्या दारात आणून सोडले. एवढा पहारा असताना ते कोणाच्याच कसे ध्यानात आले नाही, हा प्रश्न त्या वेळी वर्तमानपत्रांतून संतापाने विचारला गेला. जबानी देणाऱ्याने तोंडच उघडले नाही तर ती नोंदणार कशी, हे त्या संतापात फारसे कोणी लक्षात घेतले नाही. एआयएसला वीज लागते. आणीबाणीसाठी बॅटरी असते, पण ती काही तासांची सोय आहे, महिन्याची नव्हे. अशा जहाजाला शोधावयाचे ते रडारने आणि डोळ्यांनी, आणि पावसाळ्यात उसळलेल्या लाटांचे प्रतिध्वनी रडारच्या पडद्यावर दाटलेले असताना हजार टनांचे एक जहाज त्यांत हरवणे कठीण नाही.

मुक्यापेक्षा खोटे बोलणारे अधिक त्रासदायक. नियमाप्रमाणे यंत्र सतत चालू हवे. ते चालू ठेवल्याने जहाजाच्या सुरक्षिततेस धोका आहे असे कप्तानाला वाटले तरच तो ते बंद करू शकतो, आणि तशी नोंद त्याने ठेवावयाची असते. चाचेगिरीच्या समुद्रात ही सवलत रास्त आहे. बंदी असलेले तेल वाहणारेही तिच्या आडोशाने नाहीसे होतात, हे सर्वांना माहीत आहे. पण कधी कधी कोणीही लबाडी न करता सगळेच खोटे बोलू लागतात. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळ असलेल्या वीसएक जहाजांची जीपीएस यंत्रे सांगू लागली की आम्ही जमिनीवर, गेलेंजिक विमानतळावर आहोत. कोणीतरी उपग्रहाच्या संकेतांसारखे खोटे संकेत त्या प्रदेशात सोडले होते, आणि एआयएसने ते खोटे तितक्याच प्रामाणिकपणे जगाला कळविले.

असे ओळखावयाचे कसे? कप्तानसाहेबांचे उत्तर एका शब्दाचे होते: रुजवात. एआयएस जेथे जहाज सांगते तेथे रडारवर ठिपका आहे का? खिडकीतून ते दिसते का? पाण्याखालची खोली नकाशाशी जुळते का? किनाऱ्यावरच्या केंद्राला आणखी एक साधन असते: जे जहाज स्वतःला शंभर मैल दूर म्हणविते ते एकट्याच दीपस्तंभाला, आणि तेही जोरकस आवाजात ऐकू येत असेल, तर त्याच्या म्हणण्यात कोठे तरी पाणी मुरते आहे. अनेक जहाजे एकाच बिंदूवर गोळा झालेली दिसली, किंवा एखादे एका क्षणात मैलभर उडी मारताना दिसले, तर दोष जहाजांचा नसून आकाशातून येणाऱ्या संकेतांचा आहे असे धरावे.

ससून डॉकवरचा तांडेल

परत येताना आम्ही ससून डॉकला थांबलो. कप्तानसाहेबांच्या ओळखीच्या एका तांडेलाच्या ट्रॉलरवर लहान बोटींसाठीचे, 'ब' वर्गाचे यंत्र बसविलेले आहे. मोठ्या जहाजाचे यंत्र साडेबारा वॅटने बोलते. हे दोनच वॅटने, आणि चालू बोटीतून दर अर्ध्या मिनिटाने. ते जागा आगाऊ धरीत नाही. क्षणभर कान देऊन वाहिनी मोकळी असली तरच बोलते, नाहीतर थांबते. मोठ्या जहाजांना प्राधान्य मिळावे म्हणून ही नम्रता त्याच्या बांधणीतच घातलेली आहे. बोट मासे पकडते आहे की नांगरावर आहे, हेही त्याच्या मजकुरात नसते.

तांडेलाला माझ्याशी बोलण्याची फारशी हौस नव्हती, पण कप्तानसाहेबांना विचारावयाचा एक प्रश्न त्याच्याजवळ होता. "साहेब, आम्ही हे चालू ठेवतो, पण चॅनेलमध्ये ते मोठं जहाज आम्हाला बघतं का, तेवढं सांगा."

कप्तानसाहेबांनी लगेच होकार दिला नाही. बोटींनी भरलेल्या किनाऱ्यावर शेकडो खुणा पडद्यावर आल्या की अधिकारी त्रासतो, आणि पडद्याला गाळणी लावण्याची सोय असते. 'ब' वर्गातल्या खुणा झाकून ठेवल्या, तर यंत्राने ऐकलेली बोटही नकाशावर उमटत नाही. झाकल्या नाहीत तरी बहुतेक खुणा लहान, निद्रिस्त त्रिकोणांच्या रूपात ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यासाठी धोक्याची घंटा वाजेलच असे नाही. शिवाय एकदा बोलून अर्धा मिनिट गप्प राहणारी बोट त्या अवधीत जाळे ओढताना किती वळली, हे पलीकडे कळत नाही.

"मग बंद ठेवलं तर?" तांडेल म्हणाला. बंद ठेवण्याचे त्याचे खरे कारण वेगळेच होते: चांगली मासळी लागली की त्याच्या जागेवर दुसऱ्या दिवशी दहा बोटी आलेल्या असतात, आणि त्यांतल्या दोघातिघांच्या हातातील मोबाइलवर त्याची आदल्या दिवशीची वाट असते. मोबाइलवर दिसते ते किनाऱ्यावरच्या हौशी आणि व्यापारी ग्राहकांनी ऐकून इंटरनेटवर मांडलेले असते, हे त्याला ठाऊक होते. त्यांच्या कानाबाहेर गेल्यावर ते दिसत नाही, हेही त्याने अनुभवाने ताडलेले होते.

कप्तानसाहेब म्हणाले, "जाळ्यावर असताना तू काय करतोस ते मी सांगणार नाही. पण चॅनेल ओलांडताना चालू ठेव, रडारचा परावर्तक डोलावर उंच बांध, आणि जहाज तुला बघतंय असं समजून चालू नकोस." तांडेलाने मान हलविली, आणि परावर्तक कोठे स्वस्त मिळतो याची चौकशी सुरू केली.